सील शाबूत आहे, पण पेटी आली कुठून?

प्रश्न : ताई, नमस्कार. एक्सचेंजवर माझे थोडे बिटकॉइन आहेत. वझीरएक्स या एक्सचेंजवर चोरी झाली त्यानंतर तिथे ठेवायची भीती वाटते, म्हणून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची गुप्त किल्ली जपणारं छोटं यंत्र, घ्यायचं ठरवलंय. इथे कोथरूडमध्येच एका गृहस्थांनी जुन्या वस्तूंच्या साइटवर नवंकोरं, सीलबंद ट्रेझर कंपनीचं वॉलेट विकायला काढलंय, दोन हजारांनी स्वस्त. परदेशातून दोन मागवली होती, एक पडून आहे म्हणतात. मी जाऊन बघून आले, होलोग्राम जागच्या जागी आहे. तपकीर गल्लीतला एक दुकानदारही 'मागवून देतो' म्हणाला. भाच्याने वर्षापूर्वी असंच कुणाकडून तरी घेतलं, त्याचं छान चाललंय. सील नीट तपासून घेतलं तर काय हरकत आहे?
— स. ग., कोथरूड

उत्तर : हरकत आहे. त्या गृहस्थांकडून घेऊ नका. दुकानदाराचं नाव कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांत नसेल तर त्याच्याकडूनही नको. ते गृहस्थ लबाड आहेत असं मी म्हणत नाही, कदाचित अगदी सरळ माणूस असेल. पण त्यांना ते वॉलेट ज्याने विकलं तो कोण, हे त्यांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि तुम्ही ज्या सीलवर भिस्त ठेवताय, त्या सीलवरून हे कळत नाही.

तुमच्यासारखीच एक खरेदी कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांपुढे आली होती. त्यांनी २०२३ च्या मे महिन्यात तिचा सगळा तपशील जाहीर केला. वस्तू ट्रेझर मॉडेल टी. घेतली जाहिरातींच्या एका प्रसिद्ध साइटवरून, विश्वासू वाटलेल्या विक्रेत्याकडून. खोक्यावरचा आणि वॉलेटवरचा होलोग्राम शाबूत. चालू केल्यावर टचस्क्रीन नीट चाले, पैसे येत-जात, म्हणजे अस्सल ट्रेझर जे जे करतं ते सगळं हे करत होतं. आणि एके दिवशी त्यातून १.३३ बिटकॉइन निघून गेले, तेही वॉलेट कॉम्प्युटरला जोडलेलंसुद्धा नसताना.

तज्ज्ञांनी ते उघडायला घेतलं तर सहजी उघडेना. कारखान्यात ट्रेझरचे दोन भाग अल्ट्रासॉनिक पद्धतीने जोडलेले असतात. इथे भरपूर गोंद आणि दुहेरी चिकटपट्टी निघाली. आतली मुख्य चिप वेगळीच होती आणि तिच्याभोवती सोल्डरिंगच्या खुणा होत्या. मूळ चिपवर आतला प्रोग्रॅम कुणी वाचू किंवा बदलू नये म्हणून कुलूप लावलेलं असतं. या चिपवर ते अजिबात नव्हतं. म्हणजे कुणीतरी वॉलेट उघडलं, चिप बदलली, स्वतःचा प्रोग्रॅम भरला, परत चिकटवलं आणि वरून होलोग्राम लावला.

आता तो प्रोग्रॅम काय करत होता ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. वॉलेट पहिल्यांदा सुरू केलं की ते स्क्रीनवर रिकव्हरीचे शब्द दाखवतं, मॉडेलप्रमाणे १२, २० किंवा २४. हे शब्द म्हणजेच तुमचे पैसे. ते ज्याच्याकडे असतील तो जगात कुठेही बसून पैसे काढू शकतो, त्याला तुमचं वॉलेट हातात घ्यायचीही गरज नाही. अस्सल वॉलेट हे शब्द निव्वळ यदृच्छेने निवडतं. १२ किंवा २४ शब्दांसाठी २०४८ शब्दांची ठरलेली यादी असते आणि तिच्यातून इतक्या जुळण्या होतात की अंदाजाने गाठणं कुणालाच शक्य नाही. या नकली वॉलेटमध्ये मात्र आधीच तयार केलेले फक्त २० संच भरून ठेवले होते आणि त्यातलाच एक ते दाखवायचं. समोर बसलेल्याला वाटणार, वॉलेटने आपल्यासमोर ताजे शब्द काढून दिले.

काही जण जास्त सावध असतात, ते शब्दांवर आणखी एक पासवर्ड लावतात. त्याचीही सोय केलेली होती. पासवर्ड कितीही लांब टाका, प्रोग्रॅम त्याचं पहिलं अक्षरच वापरायचा. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं ५२, आकडे १०, सगळी चिन्हं मिळून १ आणि पासवर्डच नाही ही एक शक्यता, असे एकूण ६४ पर्याय. ते गुणिले २० संच म्हणजे १२८०. एवढे पर्याय तपासायला चोराच्या कॉम्प्युटरला चहा होईपर्यंतचाही वेळ लागत नाही. तिजोरी विकणाऱ्याने किल्लीची नक्कल स्वतःकडे ठेवली तर तिजोरी कितीही भक्कम असली तरी तिचा काय उपयोग, तसं हे.

आणि चोराला घाईही नव्हती. वॉलेटमध्ये पहिल्यांदा पैसे आल्यावर तो जवळपास महिनाभर गप्प बसला. 'आधी पाचशे रुपयांचं टाकून बघते, चार दिवस राहिलं तर बाकीचं टाकेन' असा बेत तुमच्याही मनात असेल, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. छोट्या रकमेची चाचणी जरूर करायची, पण ती दुसऱ्या कारणासाठी, त्याकडे पुढे येते. वॉलेट अस्सल आहे की नाही हे तिच्यातून सिद्ध होत नाही. पाचशे रुपये चोरून कोण आपलं बिंग फोडेल?

आता सीलबद्दल. होलोग्राम छापून देणारे कमी नाहीत आणि हेअर ड्रायरची ऊब देऊन स्टिकर अलगद उचलणारेही आहेत. सील फाटलेलं दिसलं तर वस्तू नको, इतकंच त्यावरून ठरतं. सील धड आहे म्हणून वस्तू धड आहे असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. वॉलेट बनवणारी फ्रान्सची लेजर कंपनी तर याच कारणासाठी सील लावतच नाही, त्यांची सगळी भिस्त आतल्या चिपच्या तपासणीवर आहे. कॅनडाच्या कोल्डकार्डने मधला मार्ग काढला. त्यांची पिशवी क्रमांकाची असते, तोच क्रमांक कारखान्यात वॉलेटच्या आत नोंदवलेला असतो आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीनवर दिसतो. दोन्ही जुळले पाहिजेत. नुसत्या स्टिकरपेक्षा हे कितीतरी बरं. तात्पर्य, 'सील असतं का' असा सरसकट प्रश्न विचारू नका. तुमच्या मॉडेलला काय असतं ते कंपनीच्याच साइटवर फोटोसकट बघून ठेवा. नाहीतर लेजरला सील नाही म्हणून घाबराल आणि भलत्यालाच सील आहे म्हणून निश्चिंत व्हाल.

मग अ‍ॅपची तपासणी? ती हवीच. लेजरचं वॉलेट जोडलं की कंपनीचं अ‍ॅप आतल्या सुरक्षित चिपला एक कोडं घालतं. कारखान्यात बसवलेली गुप्त किल्ली असेल तरच त्याचं बरोबर उत्तर येतं. ट्रेझरच्या सेफ ३ आणि सेफ ५ मध्येही तशी चिप आहे. जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल वनमध्ये नाही. ते गृहस्थ कुठलं मॉडेल विकतायत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जुनं असेल तर ही तपासणी त्यावर होणारच नाही.

पण हिलाही मर्यादा आहे. २०२५ च्या मार्चमध्ये लेजरच्या डॉन्जॉन या संशोधक गटाने ट्रेझर सेफ ३ वर प्रयोग करून दाखवला. सुरक्षित चिपला हात न लावता शेजारच्या मुख्य चिपमधला प्रोग्रॅम बदलता येतो, आणि सुरक्षित चिप जागेवरच असल्याने अस्सलपणाची तपासणी पास होते. प्रतिस्पर्ध्याने काढलेली खोट म्हणून कुणी नाक मुरडेल, पण ट्रेझरने ती नाकारली नाही. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की असं करायला वॉलेट आधी कुणाच्या तरी हातात पडावं लागतं, अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्यांनी काळजी करू नये. माझ्या मते सगळा निकाल याच वाक्यात लागतो. कारखान्यातून निघालेली पेटी तुमच्या हातात पडेपर्यंत मध्ये किती अनोळखी हात आले, हे कुठलंच स्टिकर आणि कुठलंच अ‍ॅप पुरतं सांगू शकत नाही. ते हात कमी करणं तेवढं तुमच्या हातात आहे.

तर घ्यायचं कुठून? कंपनीचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा, `trezor.io` किंवा `ledger.com`. गुगलवर नाव शोधून सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका, तिथे हुबेहूब दिसणारी बनावट साइट असू शकते. कंपनी भारतात थेट पाठवत असेल तर उत्तम. कस्टम आणि कर धरून किंमत वाढेल, कुरियरवाला ओळखपत्र मागेल, आठ-पंधरा दिवस जातील, ते जाऊ द्या. थेट नको असेल तर त्याच साइटवर अधिकृत विक्रेत्यांचं पान असतं, त्यात भारत निवडा. जे नाव दिसेल त्याच्या दुकानावर त्या पानावरच्या लिंकनेच जा. यादी बदलत असते, गेल्या वर्षी कुणी मित्राने सांगितलेलं नाव आज तिथे असेलच असं नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. तिथे पान कंपनीच्या नावाचं असलं तरी विकणारा भलताच असू शकतो. 'सोल्ड बाय'समोर कोणाचं नाव आहे ते वाचा आणि ते कंपनीच्या यादीत शोधा. शिवाय परत आलेला माल कधीकधी पुन्हा विक्रीला लागतो. एकाने घेतलं, आतलं बदललं, 'आवडलं नाही' म्हणून परत केलं, पुढच्या गिऱ्हाइकाला तेच गेलं, असं होऊ शकतं. म्हणून मी तरी त्या वाटेला जात नाही.

तपकीर गल्लीच्या दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, 'कंपनीच्या साइटवर तुमचं नाव कुठे दिसेल?' 'अहो मॅडम, ओरिजिनल माल आहे, सील तुम्हीच तोडा की' हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. चार्जर, केबल, राउटर त्याच्याकडून खुशाल घ्या. राउटर खोटा निघाला तर राउटरचे पैसे जातात. इथे वस्तू सहा-सात हजारांची आणि जाणार ते तिच्यात पुढे ठेवलेलं सगळं, ज्याची तक्रार घेऊन कुठल्या काउंटरवर उभं राहणार?

पैसे भरण्याआधी आणखी एक बघून घ्या. तुमचं एक्सचेंज बिटकॉइन बाहेरच्या वॉलेटवर पाठवू देतं का? आपल्याकडची काही अ‍ॅप फक्त खरेदी-विक्री करू देतात, नाणी बाहेर काढू देत नाहीत. तसं असेल तर वॉलेट आणून कपाटात ठेवावं लागेल.

ऑर्डर करताना या कामापुरता वेगळा ईमेल द्या. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली, सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर आले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी टपालाने चक्क नवी लेजर वॉलेट आली, व्यवस्थित प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. सोबत पत्र, की तुमचं जुनं वॉलेट आता सुरक्षित नाही, हे वापरा. आत पेन ड्राइव्हसारखी जास्तीची चिप जोडलेली होती आणि सूचनांप्रमाणे वागलं की ती तुमच्याकडून जुने शब्द टाइप करून घ्यायची. तेव्हा कंपनीच्या नावाने न मागवलेली पेटी दारात आली तर ती कंपनीची नाही असंच समजा.

आता तुम्ही मागवलेली पेटी आली असं धरू. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवा, परत करायची वेळ आली तर उपयोगी पडतो. शब्द लिहायचा कागद आत असतो, तो कोरा असला पाहिजे. त्यावर छापलेले, हाताने लिहिलेले किंवा खरवडून काढायचे शब्द दिसले की तिथेच थांबा. २०१८ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या एकाने ईबेवरून लेजर घेतलं. आत लॉटरीच्या तिकिटासारखं सुबक कार्ड होतं, खरवडा आणि हे २४ शब्द वापरा असं त्यावर लिहिलेलं. वॉलेट अस्सल होतं बरं का, चिप बदललेली नव्हती की प्रोग्रॅमला हात लावलेला नव्हता. नुसता कागद खोटा होता, आणि त्या माणसाची सुमारे २५ हजार पौंडांची बचत गेली. तिथे अ‍ॅपची तपासणी केली असती तरी ती बिनतक्रार पास झाली असती. म्हणून हा नियम पक्का धरा, शब्द वॉलेटने स्वतःच्या स्क्रीनवर, तुमच्यासमोर काढले पाहिजेत. पिनही तुम्हीच ठरवायचा. आधीच पिन मागणारं वॉलेट कुणाच्या तरी हातातून गेलेलं आहे.

अ‍ॅपसुद्धा कंपनीच्याच साइटवरून उतरवा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवर लेजरच्या नावाचं बनावट अ‍ॅप होतं आणि त्याने लोकांचे १६ च्या वर बिटकॉइन गिळले. वॉलेट अस्सल आणि अ‍ॅप नकली असं झालं तरी शेवट तोच. कुठल्याही अ‍ॅपने कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर रिकव्हरीचे शब्द टाइप करायला सांगितलं की ते बंद करा. ट्रेझर घेतलंत तर आणखी एक खूण आहे. नव्या ट्रेझरमध्ये फर्मवेअर, म्हणजे वॉलेट चालवणारा आतला प्रोग्रॅम, भरलेलं नसतं, पहिल्यांदा जोडल्यावर अ‍ॅपच ते भरायला सांगतं. 'आधीपासून आहे' असा संदेश आला आणि तुम्ही ते कधी वापरलेलं नसेल, तर पुढे जाऊ नका, विक्रेत्याला न विचारता थेट कंपनीला लिहा. कॅस्परस्कीच्या त्या नकली वॉलेटवर बूटलोडरची, म्हणजे सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती `2.0.4` दिसत होती आणि ट्रेझरने हा आकडा कधी वापरलेलाच नव्हता, नकली वॉलेटांमुळे गाळला म्हणून त्यांच्या नोंदीत लिहिलेलं आहे. पाहायला गेलं तर चोरी स्क्रीनवर उघडी होती, पण हे आकडे ताडून बघतो कोण!

आता ती छोटी रक्कम. शब्द कागदावर लिहा, फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवू नका. थोडं बिटकॉइन वॉलेटवर घ्या. मग वॉलेट पूर्ण पुसून टाका आणि कागदावरचे शब्द वॉलेटवरच भरून परत उभं करा. तीच रक्कम दिसली तर तुमचा कागद बरोबर आहे. एखादा शब्द चुकीचा उतरवला असेल तर तो आत्ता कळलेला बरा. चाचणीचा उपयोग हा. त्यानंतर उरलेलं हलवा.

आणि तुमचा भाचा. वर्षभर छान चाललंय यावर त्याने विसंबू नये. चोर रक्कम वाढायची वाट बघत असेल किंवा वॉलेट खरोखर चांगलंही असेल, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. त्याच्याकडे चिप असलेलं मॉडेल असेल तर अ‍ॅपची तपासणी आजच करू दे, पण ती पास झाली तरी मी थांबणार नाही. त्याने अधिकृत ठिकाणाहून नवं वॉलेट घ्यावं आणि त्यावर नवे शब्द काढावेत. इथे बरेच जण घोळ घालतात. नवं वॉलेट आणतात आणि सोय म्हणून त्यात जुनेच शब्द भरतात. जुने शब्द चोराला माहीत असतील तर नव्या वॉलेटने काहीच बदलत नाही. पैसे जुन्या वॉलेटवरून नव्या शब्दांच्या पत्त्यावर रीतसर पाठवायचे, नेटवर्कची फी द्यायची. त्यानंतर जुनं वॉलेट सुट्या भागांसाठीसुद्धा कुणाला विकू नये, आणि साइटवर 'जवळपास नवं, सीलसकट' म्हणून तर मुळीच टाकू नये.